तपासून आलेल्या प्रॅक्टिकल रिपोर्टचा शोधलेख करताना या चुका टाळा

रिपोर्ट तपासून आला, दहापैकी नऊ गुण पडले, सरांनी खाली लिहिलं, ‘छान, विद्यार्थी संशोधन अंकासाठी द्या’. त्यानंतर बहुतेक जण एकच करतात. लाल शाईतल्या दुरुस्त्या करतात, ‘उद्दिष्ट’ खोडून ‘प्रस्तावना’ लिहितात, ‘कृती’ची ‘पद्धती’ करतात आणि फाइल पाठवून देतात. अंकासाठी आलेले लेख वाचताना मला सर्वांत जास्त भेटतो तो हा प्रकार. असे लेख परत जातात तेव्हा मुलं नाराज होतात, कारण प्रयोग तर बरोबर केलेला असतो.

गोची अशी की रिपोर्ट ज्याच्यासाठी लिहिलेला असतो त्याला उत्तर आधीच माहीत असतं. तुम्ही प्रयोग नीट केलात का, एवढंच तो तपासतो. अंकाचा वाचक प्रयोगशाळेत नव्हता, त्याला तुमच्या गुणांशी देणंघेणं नाही. त्याला एका प्रश्नाचं उत्तर हवंय आणि त्या उत्तरावर विश्वास का ठेवावा हेही हवंय.

बी.एस्सी.च्या मुलांनी हमखास केलेला एक प्रयोग घेऊ: ईडीटीए टायट्रेशनने पाण्याचा हार्डनेस काढणे. आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. एका बोअरवेलचं पाणी, दर वेळी 50 मि.ली. नमुना, 0.01 मोलर ईडीटीए, पीएच 10 चं अमोनिया बफर, इरिओक्रोम ब्लॅक टी, वाइनसारख्या लाल रंगाचा स्वच्छ निळा झाला की थांबायचं. कच्च्या पाण्याची रीडिंग 21.4, 21.4 आणि 21.5 मि.ली. तेच पाणी उकळून, गार करून, गाळून घेतल्यावर 12.1, 12.1 आणि 12.2.

पहिली चूक: मॅन्युअलमधलं उद्दिष्टच लेखाचा विषय समजणं

‘दिलेल्या पाण्याच्या नमुन्याचा एकूण आणि तात्पुरता हार्डनेस काढणे’ हे काम झालं. यात प्रश्न कुठेच नाही, म्हणून निष्कर्षातही ‘हार्डनेस इतका इतका आला’ यापलीकडे काही येत नाही. लेख तिथेच संपतो आणि वाचक विचारतो, बरं मग?

प्रश्न शोधायला नवा प्रयोग लागत नाही, रिपोर्टमधल्या आकड्यांकडे पुन्हा बघावं लागतं. इथे कच्च्या आणि उकळलेल्या पाण्याची तुलना आधीच झालेली आहे. महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्टवर आहे आणि या खडकातल्या भूजलात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट सर्रास सापडतं. बायकार्बोनेटमुळे आलेला हार्डनेस उकळल्यावर खाली बसतो:

`Ca(HCO3)2 → CaCO3 + CO2 + H2O`

म्हणजे प्रश्न समोरच आहे: या बोअरवेलचं पाणी उकळलं तर त्याचा जडपणा किती कमी होतो? हा प्रश्न प्रस्तावनेच्या शेवटच्या वाक्यात लिहा. त्याआधी तीन-चार वाक्यं पुरेत. पाणी हा वैश्विक द्रावक आहे, पृथ्वीवर 71 टक्के पाणी आहे, असली सुरुवात काढून टाका.

प्रश्न ठरला की आणखी एक सोय होते. रिपोर्टमधली कोणती त्रुटी लेखाला मारक आहे आणि कोणती चालण्यासारखी, हे त्या प्रश्नावरूनच कळतं.

दुसरी चूक: कृती जशीच्या तशी उतरवणं

‘ब्युरेट प्रथम डिस्टिल्ड वॉटरने व नंतर द्रावणाने धुवा’ हे वाक्य बॅचमधल्या प्रत्येक वहीत असतं. लेखात ते नको. दुसऱ्या प्रयोगशाळेत हेच काम करणाऱ्याला ब्युरेट कशी धुवायची हे येतं. त्याला येत नाही ते फक्त तुम्हालाच माहीत असतं: पाणी कुठून आणि कोणत्या महिन्यात घेतलं, पंप किती वेळ चालवून मग बाटली भरली, किती पाणी किती मिनिटं उकळलं, गाळल्यावर आकारमान पुन्हा पूर्ण केलं का. रिपोर्टमध्ये नेमकं हेच नसतं, कारण तिथे ‘दिलेला नमुना’ असतो.

आकारमानाचा मुद्दा जरा सविस्तर सांगतो, कारण या प्रयोगावरचे लेख बहुतेकदा इथेच अडकतात. समजा 250 मि.ली. पाणी उकळायला ठेवलं. पंधरा-वीस मिनिटांत त्यातली वाफ उडून 215 मि.ली. उरलं. गाळल्यानंतर डिस्टिल्ड वॉटर घालून ते पुन्हा 250 पर्यंत न्यायचं असतं. ते राहिलं तर उरलेले कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पाण्यात दाटतात. मग 12.1 ऐवजी सुमारे 14.1 मि.ली. ईडीटीए लागतं आणि उकळलेल्या पाण्याचा हार्डनेस 243 ऐवजी 282 मिलिग्रॅम प्रति लिटर दिसतो. जडपणा प्रत्यक्षात 43 टक्क्यांनी घटलेला असताना तुमच्या लेखात 34 टक्के छापून येतात.

रिपोर्टवर गुण देताना हे सहसा पकडलं जात नाही, कारण आकडेमोड बरोबरच असते. लेख लिहिण्याआधी कच्ची वही उघडा. उरलेलं आकारमान लिहिलेलं असेल तर दुरुस्ती सोपी आहे: उकळलेल्या पाण्याच्या हार्डनेसला 215 ने गुणा आणि 250 ने भागा, आणि ही दुरुस्ती केल्याचं पद्धतीत एका वाक्यात सांगा. लिहिलेलंच नसेल तर अंदाजाने आकडा घालू नका. उकळण्याचा भाग पुन्हा करा, एका दुपारचं काम आहे. तेही शक्य नसेल तर उकळलेल्या पाण्याचे आकडे लेखात घेऊ नका.

ईडीटीएची खरी तीव्रता हाही असाच एक मुद्दा. बाटलीवर 0.01 मोलर लिहिलेलं असतं आणि रिपोर्टमध्ये तेच गृहीत धरतात. झिंक सल्फेट किंवा कॅल्शियम कार्बोनेटच्या प्रमाण द्रावणाशी ताडून ती प्रत्यक्षात 0.0096 निघाली, तर कच्च्या पाण्याचा हार्डनेस 429 वरून सुमारे 412 वर येतो. पण उकळलेल्या पाण्याचा आकडाही त्याच प्रमाणात खाली येतो, त्यामुळे घट 43 टक्केच राहते. तुमचा प्रश्न ‘किती टक्के घट’ असा असेल तर ही त्रुटी तुम्हाला फारशी नडत नाही, फक्त ती नमूद करा. पण लेखात तुम्ही पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाशी, म्हणजे आयएस 10500 मधल्या 200 या स्वीकारार्ह आणि पर्यायी स्रोत नसताना चालणाऱ्या 600 मिलिग्रॅम प्रति लिटर या मर्यादांशी तुलना करणार असाल, तर द्रावण ताडून पाहिल्याशिवाय ती करू नका.

तिसरी चूक: सी.बी.आर. छापणं आणि दशांशांची रांग लावणं

आपल्याकडे प्रॅक्टिकलला पायलट रीडिंग, मग तीन रीडिंग आणि त्यातून सी.बी.आर. अशी पद्धत आहे. रिपोर्टसाठी ती ठीक आहे. लेखात फक्त सी.बी.आर. दिलं तर रीडिंग एकमेकांपासून किती लांब होती हे वाचकाला कळतच नाही. पायलट रीडिंग, सुरुवातीची आणि शेवटची ब्युरेट पातळी हे सगळं काढा. तिन्ही रीडिंगची सरासरी आणि त्यांच्यातला फरक ठेवा. दोन ओळींचा तक्ता होतो, एक ओळ कच्च्या पाण्याची, एक उकळलेल्या.

सरासरी 21.43 ला 20 ने गुणलं की कॅल्क्युलेटर 428.67 दाखवतो आणि तेच लेखात येतं. ब्युरेटचा सर्वांत लहान भाग 0.1 मि.ली.चा. 50 मि.ली. नमुन्यासाठी 0.1 मि.ली. म्हणजे 2 मिलिग्रॅम प्रति लिटर. जिथे दोन एककांचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो तिथे शंभराव्या भागापर्यंतचा आकडा वाचकाची दिशाभूल करतो. 429 लिहा आणि पुढे ‘अधिक-उणे 2’ जोडा.

इथे एक खाचही आहे. ती तीन रीडिंग एकाच बाटलीतल्या पाण्याची आहेत. ती जुळली यावरून तुमचा हात स्थिर आहे एवढं सिद्ध होतं, बोअरवेलचं पाणी नेहमी असंच असतं हे नाही. मे महिन्यातलं पाणी आणि ऑगस्टमधलं पाणी यांत मोठा फरक पडू शकतो. एकाच दिवसाचा नमुना असेल तर शीर्षकातच ‘एका नमुन्याचा अभ्यास’ म्हणा. ‘गावातील भूजलाचा अभ्यास’ हे शीर्षक त्या एका बाटलीला पेलत नाही.

चौथी चूक: चर्चेच्या जागी ‘त्रुटींची कारणे’

पॅरॅलॅक्स, मानवी चूक, उपकरणातील दोष. ही यादी कोणत्याही प्रयोगाखाली चिकटवता येते, म्हणून ती काहीच सांगत नाही. ‘दक्षता’ हा भाग तर पूर्णच गाळा.

चर्चेत तुमच्या आकड्याबद्दल बोला. 186 मिलिग्रॅम प्रति लिटर हार्डनेस उकळून गेला. म्हणजे पाण्यातला सगळा तात्पुरता हार्डनेस गेला का? तसं म्हणता येत नाही. कॅल्शियम कार्बोनेट थोडं विरघळतंच आणि मॅग्नेशियम उकळल्याने कॅल्शियमइतकं सहज खाली बसत नाही. त्यामुळे 186 हा तात्पुरत्या हार्डनेसचा किमान आकडा मानावा. याच पाण्याची अल्कलिनिटी मोजलेली असेल तर ताळा लगेच घेता येतो: कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात अल्कलिनिटी 186 पेक्षा स्पष्टपणे कमी निघाली, तर कुठेतरी मोजणी चुकली आहे. अल्कलिनिटीचं प्रॅक्टिकल त्याच सत्रात असतं. तेच पाणी तिथे नेलंत तर लेखाला एक भक्कम परिच्छेद मिळतो.

सरांचे शेरेही इथे कामाला येतात. ‘का?’ असं जिथे समासात लिहिलंय तिथे रिपोर्टमध्ये एक ओळ वाढवून गुण मिळतात. लेखात तीच जागा चर्चेचा विषय असते.

पाचवी चूक: बॅचचं काम एकट्याच्या नावावर

रीडिंग तिघांनी घेतली, लेख एकाने लिहिला. तिघांनाही मसुदा दाखवा, नावं कोणत्या क्रमाने येणार ते पाठवण्याआधी ठरवा आणि शिक्षकांची परवानगी घ्या. मॅन्युअलमधली वाक्यं तुमच्या शब्दांत नव्याने लिहा. पूर्ण बॅचच्या वहीत तीच वाक्यं असल्यामुळे संपादकाला ती लगेच ओळखू येतात.

सारांश शेवटी लिहा

पहिला परिच्छेद म्हणून सारांश आधी लिहिला की त्यात ‘या लेखात हार्डनेसचा अभ्यास करण्यात आला आहे’ असली वाक्यं येतात. बाकी सगळं झाल्यावर लिहिलात तर तो असा उतरतो:

‘एका बोअरवेलच्या पाण्याचा उकळण्यापूर्वीचा आणि नंतरचा हार्डनेस ईडीटीए टायट्रेशनने मोजला. वाफ झालेलं पाणी भरून काढल्यावर तो 429 वरून 243 मिलिग्रॅम प्रति लिटरवर आला, म्हणजे 43 टक्क्यांनी घटला. उकळल्यानंतरही पाणी 200 या स्वीकारार्ह मर्यादेच्या वरच राहिलं. निष्कर्ष एका दिवसाच्या एका नमुन्यापुरता आहे.’

यातलं तिसरं वाक्य तुम्ही ईडीटीए ताडून घेतलं असेल तरच ठेवा.