तपासायला फ्लिप करा, दुरुस्तीला नको

फोटोशॉपमध्ये पेन टूलने कटिंग, मास्क, पायाखालची सावली हे सगळं तुम्हाला येतं असं धरून चालतो. अल्बमच्या कामाला नव्याने बसलेल्या मुलामुलींची गाडी अडते ती त्याच्या पुढे, 'झालं' म्हणून फाइल सेव्ह करताना. दोन-तीन तास एकाच चित्राकडे बघून डोळा त्या चित्राला सरावतो. मग चूक समोर असते आणि दिसत नाही. ती दिसावी म्हणून चित्र उलटं करायचं, लांब न्यायचं आणि डोळे किलकिले करून बघायचं. या तिन्ही गोष्टी फुकट आहेत. तरी लोक त्या टाळतात आणि वर रेडिमेड प्रीसेट विकत घेतात, याचं मला नवल वाटतं.

एक नेहमीचं काम घेऊ. नवरा-नवरीचा फोटो स्टुडिओतला, सॉफ्टबॉक्स कॅमेऱ्याच्या डाव्या हाताला. पार्श्वभूमी रंकाळा तलावाची, संध्याकाळची, सूर्य जोडप्याच्या मागे उजवीकडे पाण्याला टेकायला आलेला. एका कोपऱ्यात शालिनी पॅलेसचा टॉवर. कोल्हापुरात असली ऑर्डर प्रत्येक सीझनला येते.

आधी फ्लिप. `Image > Image Rotation > Flip Canvas Horizontal` केलं की सगळं चित्र आरशातल्यासारखं होतं. नव्या आवृत्त्यांमध्ये `View > Flip Horizontal` पण आहे. त्यात फक्त बघणं उलटतं, फाइलला हात लागत नाही. असेल तर तेच वापरा. उलटं केल्याने नवी चूक तयार होत नाही, डोळ्याची सवय तेवढी मोडते. चित्रकार हेच काम आरशाने करत आले आहेत, लिओनार्दोच्या टिपणांतही हा सल्ला आहे.

पहिल्यांदा सापडतो तो कल. रंकाळ्याची पाण्याची रेघ एक अंश डावीकडे झुकली असेल तर सरळ बघताना मन ते सांभाळून घेतं. फ्लिप केल्यावर तीच रेघ एक अंश उजवीकडे झुकते, म्हणजे डोळ्याला दोन अंशांचा झटका बसतो. तो झटका जाणवला की अंदाजाने फिरवत बसू नका. रूलर टूलने समोरच्या काठाची रेघ ओढा, वरच्या पट्टीत कोन दिसतो, तेवढाच पार्श्वभूमीचा लेयर फिरवा.

दुसरा सापडतो तो उजेड. सूर्य उजवीकडे आणि दोघांच्या गालांवरचा उजेड डावीकडचा. इथेच एक सापळा आहे. मला त्याने भरपूर छळलंय, म्हणून थोडं लांबण लावतो.

उजेडाची बाजू चुकली म्हटल्यावर हात आपोआप `Edit > Transform > Flip Horizontal` कडे जातो. जोडप्याचा लेयर उलटा केला की उजेड सूर्याच्या बाजूला, काम दोन सेकंदांत खलास. पण आता नीट बघा. नवरीचा पदर उजव्या खांद्यावर गेला. नथ डाव्या नाकपुडीतून उजव्या नाकपुडीत गेली. नवऱ्याच्या शेरवानीची बटणपट्टी बायकांच्या कपड्यासारखी झाली, त्याच्या केसांचा भांगही सरकला. तुम्हाला यातलं काही खटकणार नाही, कारण तुम्ही या माणसांना ओळखत नाही. घरच्यांना मात्र लगेच खटकतं. नवऱ्याची आई अल्बम हातात घेऊन म्हणते, "आमचा पोरगा असा का दिसाय लागलाय?" तिला कारण सांगता येत नाही, पण तिचं बरोबर असतं. कुणाचाही चेहरा दोन्ही बाजूंनी तंतोतंत सारखा नसतो, आणि तिने तो रोज सरळ बघितलाय. गंमत म्हणजे नवऱ्याला स्वतःला हा फोटो बरा वाटू शकतो, त्याने स्वतःला आरशातच जास्त बघितलेलं असतं. म्हणून फक्त त्याचा होकार घेऊन फाइल प्रिंटला पाठवू नका.

मग पार्श्वभूमी उलटी करावी? डोंगर, झाडं, आभाळ असेल तर खुशाल करा. पण रंकाळा उलटा केला की शालिनी पॅलेस नको त्या बाजूला जातो, आणि रोज रंकाळ्याला चक्कर मारणारी माणसं ते पहिल्या नजरेत पकडतात. पाटी किंवा दुकानाचं नाव असेल तर विषयच संपला.

खरी दुरुस्ती वाटते तेवढी अवघड नाही. सूर्य मागे असताना चेहऱ्यावर उजेड येतो तो समोरच्या मोकळ्या आभाळाचा, मऊ आणि कमी. म्हणजे सॉफ्टबॉक्सचा मऊपणा चालतो, खटकतो तो त्याचा जोर. जोडप्याला क्लिप केलेला कर्व्हज लेयर घ्या, खाली ओढा, आणि मास्कमध्ये चित्रात डावीकडे दिसणारा गाल आणि खांदा यांवरच जास्त ठेवा. मग दुसरा कर्व्हज, थोडा पिवळसर आणि उजळ, फक्त सूर्याकडच्या कडेला: केस, कान, खांदा, पदराचा काठ. पट्टी बारीक ठेवा. जाड झाली की माणसाभोवती ट्यूबलाइट लावल्यासारखं दिसतं.

आता लांबून बघणं. १२ बाय ३६ इंचांचं उघडं पान ३०० डीपीआयला १०,८०० पिक्सेल रुंद असतं. फुल एचडी मॉनिटर १,९२० चा. म्हणजे १०० टक्क्यांवर तुम्ही पानाच्या रुंदीचा जेमतेम सहावा भाग बघत असता, आणि तिथे केसांची एकेक बट साफ करत अर्धा दिवस घालवता. `Ctrl+0` दाबा, मग `Ctrl` आणि वजा दाबत ५ टक्क्यांपर्यंत खाली या. आता माणसं जमिनीवर उभी आहेत का, एवढंच विचारा. तरंगताना किंवा राक्षसासारखी दिसत असतील तर बहुतेक वेळा कॅमेऱ्याची उंची जुळलेली नसते. स्टुडिओत कॅमेरा छातीच्या उंचीला असेल, तर सपाट जमिनीवर उभ्या माणसाला क्षितिज छातीजवळच कापायला हवं. रंकाळ्याचा फोटो उंच कठड्यावरून काढला असेल तर ते डोक्याच्या वर जातं. लहान-मोठं करून हे सुटत नाही, कॅमेऱ्याची उंची जुळणारी दुसरी पार्श्वभूमी घ्यावी लागते. वाईट वाटतं, पण घ्या.

डोळे किलकिले करणं शेवटी. बारीकसारीक तपशील विरतो आणि गडद-फिकटाचे ढोबळ डाग उरतात. चष्मा असेल तर नुसता काढला तरी चालतं. जोडपं कापून चिकटवल्यासारखं वेगळं उठलं तर शेरवानीचा काळा तपासा. पण तुलना समोरच्या काठाशी करू नका. लांबची झाडं हवेतल्या धुरकटपणामुळे फिकी दिसतात, जवळच्या माणसाचा काळा त्यांच्यापेक्षा गडद असणारच. त्याच अंतरावरच्या गोष्टीशी जुळवा: पायाजवळचा दगड, कठड्याखालची सावली. इन्फो पॅनेलमध्ये दगडाच्या फटीचा आकडा २५ च्या आसपास आणि शेरवानीचा ५ येत असेल, तर जोडप्याला क्लिप केलेल्या लेव्हल्समध्ये आउटपुटचा काळा स्लायडर २० च्या जवळ आणा आणि पुन्हा डोळे बारीक करा. लांबच्या झाडांशी जुळवायला गेलात तर जोडपं राख फासल्यासारखं होतं.

रंगाची चूक मात्र या युक्तीत हमखास सापडेल असं नाही. निळसर साडी संध्याकाळच्या उजेडातही निळसरच राहिली असेल, तर ते उघड्या डोळ्यांनीच बघावं लागतं. तसंच स्टुडिओचा फोटो गुळगुळीत आणि रंकाळ्याचा दाणेदार असेल तर ते ५ टक्क्यांवर कधीच दिसणार नाही. त्यासाठी परत १०० वर जायचं. मी `Window > Arrange > New Window` ने त्याच फाइलची दुसरी खिडकी उघडून कोपऱ्यात लहान करून ठेवतो, म्हणजे मोठ्या खिडकीत ब्रश मारताना छोटं चित्रही सतत नजरेसमोर राहतं. आणि फ्लिप कॅनव्हास वापरत असाल तर सेव्ह करण्याआधी पदर कुठल्या खांद्यावर आहे ते बघा. डाव्या खांद्यावर असेल तरच जेपीईजी काढा.