लॉग घेऊन सरळ रेषा बसवताना: R² ०.९९८, तरीही उत्तर चूक

प्रयोगशाळेत नव्याने येणाऱ्यांचे आलेख मी बरीच वर्षं तपासतो आहे. घातांकी घट मोजायची, मापनांचा लॉग घ्यायचा, सरळ रेषा बसवायची, चढावरून कालस्थिरांक काढायचा, इतकं सगळ्यांना जमतं. अडतं ते पुढे. R² एकाच्या जवळ आला की आलेख बाजूला ठेवला जातो, आणि खरी माहिती नेमकी तिथेच पडून राहते. म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवून दाखवतो.

१००० मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर ४७ किलोओहमच्या रेझिस्टरमधून रिकामा होतो आहे. व्होल्टेज `V = V0·e^(-t/τ)` या सूत्राने उतरतं. दोन्ही बाजूंचा नैसर्गिक लॉग घेतला की `ln V = ln V0 - t/τ`, म्हणजे रेषेचा चढ `-1/τ` आणि वाय-अक्षावरचा छेद `ln V0`. दर ३० सेकंदांनी घेतलेली वाचनं अशी: ९.०५, ४.९९, २.७६, १.५४, ०.८७, ०.५०, ०.३० आणि ०.१९ व्होल्ट.

यांच्या लॉगमधून सरळ रेषा काढली तर चढ -०.०१८६ येतो, म्हणजे τ सुमारे ५४ सेकंद. R² ०.९९८. छापील किमतींवरून τ ४७ सेकंद यायला हवा होता. पण इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरची किंमत २० टक्के इकडेतिकडे असणं नेहमीचंच, त्यामुळे ५४ बघून कोणाला शंका येत नाही.

आता छेदाकडे बघा. तो २.१४५ आहे, म्हणजे रेषेच्या मते सुरुवातीचं व्होल्टेज ८.५४. मीटरने तर ९.०५ दाखवलं होतं! शंभरांश व्होल्टपर्यंत वाचणाऱ्या मीटरच्या बाबतीत अर्ध्या व्होल्टची तफावत योगायोगाने येत नाही. मग प्रत्येक बिंदू रेषेपासून किती वर-खाली आहे ते काढा. पहिले दोन बिंदू रेषेच्या वर, मधले पाच खाली आणि शेवटचा पुन्हा वर. नुसता गोंधळ असता तर ही चिन्हं विस्कळीत दिसली असती. इथे सरळ वाटी दिसते, म्हणजे लॉग घेतल्यावरही बिंदू सरळ रेषेत आलेलेच नाहीत. R² मोठा आला कारण लॉगची किंमत २.२ पासून -१.७ पर्यंत उतरते. एवढ्या उताराच्या तुलनेत वाटीची खोली नगण्य ठरते.

अशी वर उघडणारी वाटी दिसली की मी आधी मीटरचं शून्य तपासायला सांगतो. मीटरची दोन्ही टोकं कपॅसिटरवरून काढून एकमेकांना जोडली, तर ०.०५ व्होल्ट दिसलं. म्हणजे प्रत्येक वाचनात ०.०५ जास्तीचे आहेत. ९.०५ मध्ये ते जाणवतही नाहीत, पण ०.१९ मध्ये चौथ्या हिश्श्याहून अधिक तेच आहेत. लॉग गुणोत्तरं बघतो, त्यामुळे रेषेचं शेपूट वर उचललं गेलं आणि चढ मंदावला. हे ०.०५ लॉग घेण्याआधी वजा करायला हवेत. लॉग घेतल्यावर ते कुठल्याही स्थिरांकाने निघत नाहीत. वजा करून पुन्हा रेषा बसवली की τ ५०.४ सेकंद येतो आणि छेदावरून ८.९४ व्होल्ट मिळतात.

पहिलं वाचन आता ९.०० आहे, म्हणजे थोडी तफावत उरलीच. ती वाचनं पूर्णांकित केल्याने आली आहे. V मधली त्रुटी `δV` असेल तर `ln V` मधली त्रुटी साधारण `δV/V` असते. ०.०१ व्होल्टची चूक ९ व्होल्टवर लॉगमध्ये ०.००१ एवढीच होते, ०.१४ व्होल्टवर ती ०.०७ होते. साधी रेषा मात्र दोन्ही बिंदूंवर सारखाच विश्वास टाकते, आणि शेवटचा बिंदू टोकाला असल्यामुळे चढ त्याच्याकडे जास्तच ओढला जातो. उपाय म्हणजे भार देणं. वर्ग केलेल्या फरकाला `V²` एवढा भार द्यायचा. `polyfit` भार फरकाला लावून मग वर्ग करतं, म्हणून तिथे `V²` न देता `V` द्यायचं:

```python
V = V - 0.05
m, c = np.polyfit(t, np.log(V), 1, w=V)
tau = -1 / m
```

आता τ ५०.० सेकंद येतो. हा भार तेव्हाच योग्य, जेव्हा मीटरची त्रुटी सगळीकडे सारख्याच व्होल्टची असते. त्रुटी वाचनाच्या ठरावीक टक्क्यांत असेल, तर लॉगमध्ये ती आपोआप सारखी होते आणि साधी रेषाच बरोबर ठरते.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. आणखी बराच वेळ वाचनं घेत राहिलात तर शून्य वजा केल्यावर काही किमती शून्य किंवा ऋण येतील. त्यांचा लॉग निघत नाही, म्हणून पुष्कळ जण तेवढ्याच गाळतात. त्यामुळे खाली गेलेली वाचनं निघून जातात, वर गेलेली राहतात आणि शेपूट पुन्हा उचललं जातं. त्यापेक्षा किती वेळेपर्यंतची वाचनं घ्यायची हे आधीच ठरवा, आणि त्यानंतरची सगळीच सोडून द्या, चांगली दिसणारीसुद्धा.