या चुका टाळा: अभ्यासाच्या वेळापत्रकाचा मसुदा इतरांना दाखवताना

लांब पल्ल्याच्या परीक्षेचं कच्चं वेळापत्रक लोकांना दाखवून 'कसं वाटतंय?' असं विचारलं की दोनच प्रकारची उत्तरं येतात. एक, 'मस्त आहे, लागा कामाला'. दुसरं, 'यात चालू घडामोडी कुठे आहेत? रोज एक तास तरी हवाच.' दोन्ही उत्तरांचा उपयोग शून्य. दोष सल्ला देणाऱ्यांचा नसतो, कारण त्यांच्यासमोर आपण नुसते रंगीत चौकोन ठेवलेले असतात. ते चौकोन कशावरून काढले हे त्यांना कळायला मार्ग नसतो.

माझ्या एका मैत्रिणीने नोकरी सांभाळून परीक्षा द्यायचं ठरवलं, तेव्हा तिचा मसुदा मी पाहिला होता. हातात 24 आठवडे. सोमवार ते शुक्रवार रोज 4 तास, शनिवार-रविवार 6-6 तास, म्हणजे आठवड्याला 32. प्रकरणं 50, प्रत्येकाला 12 तास. असे 600 तास साधारण 19 आठवड्यांत संपणार आणि उरलेले 5 आठवडे रिव्हिजन व सराव पेपर. हिशेब कागदावर चोख होता. पण पन्नासच्या पन्नास प्रकरणांना सारखेच 12 तास कसे, हे मी विचारलं तेव्हा ती हसली. तिने 19 आठवड्यांच्या तासांना 50 ने भागलं होतं.

ही चूक फार सर्रास दिसते आणि ओळखायलाही सोपी आहे. सगळ्या प्रकरणांपुढे एकच आकडा असेल, तर तो मोजलेला नसतो, भागाकारातून आलेला असतो. वेळ किती आहे यावरून काम किती लागेल हे ठरवलेलं असतं. खरं तर दोन्ही वेगवेगळं मोजायचं आणि मग शेजारी ठेवून बघायचं.

दुसरी चूक 32 तासांत लपलेली होती. मी तिला एवढंच सांगितलं की एक आठवडा काही न बदलता जग, फक्त वहीत बसल्याची आणि उठल्याची वेळ लिही. आठवड्याअखेर बेरीज आली 21 तास. ती आळशी मुळीच नाही. ऑफिसातून आल्यावरचा पहिला अर्धा तास कधीच अभ्यासाचा नव्हता आणि रविवारी दुपार घरच्यांची होती, इतकंच. मसुद्यात मात्र दोन्ही जागा भरलेल्या होत्या. 21 गुणिले 24 म्हणजे 504. प्रकरणांनाच 600 हवे होते. थोडक्यात, रिव्हिजनला पोहोचायच्या आधीच गाडी अडकणार होती.

असा अंदाज चुकणं हा काही एकट्या-दुकट्याचा दुर्गुण नाही. 1994 साली प्रसिद्ध झालेल्या एका मानसशास्त्रीय अभ्यासात 37 विद्यार्थ्यांना त्यांचा प्रबंध किती दिवसांत होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज आला सुमारे 34 दिवस. सगळं बिघडलं तर किती, यावर उत्तर आलं सुमारे 49. प्रत्यक्षात लागले सरासरी 55 च्या आसपास. म्हणजे वाईटातला वाईट अंदाजही अपुराच पडला. म्हणून 'मी जरा जास्तच धरलेत तास' या वाक्यावर विसंबू नये. वहीतला आकडाच घ्यावा.

आता दुरुस्ती. इथे बहुतेक जण तास वाढवायला बघतात आणि झोपेवर पहिला घाला घालतात. आम्ही प्रकरणांना हात घातला. मागच्या काही वर्षांचे पेपर घेऊन कोणत्या प्रकरणावर किती गुण येतात ते टिपलं. मग एक जड आणि एक मध्यम प्रकरण खरंच करून किती वेळ लागतो ते पाहिलं: पहिल्याला 10 तास, दुसऱ्याला 6. त्यावरून यादी अशी पडली: 15 जड प्रकरणांना 10 तासांप्रमाणे 150, 20 मध्यम प्रकरणांना 6 तासांप्रमाणे 120 आणि क्वचित विचारल्या जाणाऱ्या 15 प्रकरणांना फक्त 2-2 तास, म्हणजे 30. एकूण 300. या शेवटच्या पंधरांवर तिचा जीव तुटत होता, हे खरं. पण त्यांना 12 तास द्यायचे तर ते जड प्रकरणांच्या ताटातूनच काढावे लागले असते.

मग आठवडा असा बसला: 15 तास नवं, 3 तास जुन्याची उजळणी आणि 3 तास चक्क रिकामे. 20 आठवड्यांत 300 तास पुरे होतात आणि शेवटचे 4 आठवडे, म्हणजे 84 तास, मोकळे राहतात. त्यात 6 सराव पेपर. इथेही एक खड्डा असतो. लोक पेपरचे 3 तास धरतात आणि तपासायला वेळच ठेवत नाहीत. कुठे माहिती नव्हती, कुठे प्रश्न चुकीचा वाचला, कुठे वेळ संपला हे वेगळं काढायला पेपरइतकाच वेळ जातो, कधी जास्त. आम्ही 4 तास धरले. सहा पेपरचे 42, आणि बाकीचे 42 उजळणीला. पहिला पेपर मात्र शेवटापर्यंत राखून ठेवू नका. आठव्या आठवड्यातच उजळणीच्या 3 तासांत एक द्यायचा आणि रिकाम्या 3 तासांत निदान चुकलेले प्रश्न तपासायचे असं ठरलं.

उजळणीबद्दल एक गोष्ट. मसुद्यात 'रिव्हिजन' असं नुसतं लिहिलं असेल तर ते प्रत्यक्षात पुन्हा वाचनच होतं. 2006 सालच्या एका प्रयोगात उतारा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवलं, पण आठवड्याने पाहिलं तर न बघता आठवून लिहिणारे पुढे होते. म्हणून चौकोनात कृती लिहावी: 'तिसरं प्रकरण, पुस्तक मिटून एक पान, मग पडताळणी'.

आता विचारण्याकडे वळू. मसुद्यासोबत तीन गोष्टी दाखवल्याशिवाय मत मागू नये: वहीतला खरा आठवडा, मोजलेल्या प्रकरणांचे तास आणि गुणांची यादी. प्रश्नही नेमका हवा. 'हे कोणत्या आठवड्यात कोसळेल आणि का?' असं विचारलं की लोक खरंच आकड्यांत डोकं घालतात. आणखी एक अनुभव: सल्ला देणारा प्रत्येक जण भर घालतो, वजा कोणीच करत नाही. पाच जणांचं ऐकलं तर आठवड्यात दहा तास वाढतात. त्यामुळे जो काही घालायला सांगेल, त्यालाच विचारावं, 'याच्या बदल्यात काय काढू?' निम्म्या सूचना तिथेच गळतात. पहिल्या आलेल्या कुणाचं वेळापत्रक जसंच्या तसं उचलायचं असेल तर त्याआधी त्याच्या दिवसाला नोकरी होती का, हेही विचारून घ्यावं.

मैत्रिणीने दुसरा मसुदा हाच प्रश्न विचारून तिघांना दाखवला. दोघांनी काही खास सांगितलं नाही. तिसऱ्याने सहाव्या आणि सातव्या आठवड्यावर बोट ठेवलं: एकाच विषयाची तीन जड प्रकरणं लागोपाठ, म्हणजे 30 तास तोच विषय, आणि नेमकं त्याच वेळी ऑफिसात तिमाहीचं काम. तिने एक जड प्रकरण अकराव्या आठवड्यात नेलं आणि तिथली मध्यम व हलकी प्रकरणं मिळून 10 तासांचं काम इकडे आणलं.