बॉन्डच्या रकमेवर बोलणी करायला बसण्याआधी

नोकरी सोडून झाली आहे आणि जुनी कंपनी म्हणते, आधी ट्रेनिंग बॉन्डचे पैसे भरा, मगच रिलीव्हिंग लेटर मिळेल. नवी कंपनी तेच पत्र मागते आहे. अशा वेळी घाबरून पूर्ण रक्कम भरणारे बरेच असतात, आणि ‘बॉन्ड बेकायदाच असतो’ असे ठणकावून बोलणी मोडणारेही. दोघांचेही नुकसान होते. त्याऐवजी रक्कम खाली आणून पैसे आणि कागद एकाच व्यवहारात मिटवायचे असतील, तर फोन लावण्याआधी पुढची तयारी हवी.

पहिले काम म्हणजे बॉन्डची प्रत शोधणे. ती नसेल तर एचआरकडून ईमेलवर मागून घ्या. वाचताना तीन गोष्टी तपासा. मुदत रुजू झाल्या दिवसापासून मोजली आहे की ट्रेनिंग संपल्यापासून? रक्कम ठरावीक आहे की ‘प्रत्यक्ष खर्च’ असे लिहिले आहे? आणि झालेल्या नोकरीच्या प्रमाणात रक्कम कमी होईल असे कुठे म्हटले आहे का? हे तिसरे वाक्य बॉन्डमध्ये असेल, तर अर्धी बोलणी तिथेच संपतात. नोटीस पिरियडचे पैसे हा वेगळा हिशेब आहे. काही वेळा तो बॉन्डच्या आकड्यात मिसळून सांगितला जातो, म्हणून दोन्ही रकमा वेगळ्या लिहून मागा.

मग कायद्याची बाजू समजून घ्या, पण धमकी देण्यासाठी नव्हे. आकडा कशाच्या जोरावर मागायचा ते कळण्यासाठी. मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तीन वर्षांचा, दोन लाखांचा बॉन्ड वैध ठरवला. ती सार्वजनिक क्षेत्रातली बँक होती, कर्मचारी व्यवस्थापक पातळीवरचा होता आणि भरतीच्या खर्चाचा मुद्दा तिथे वजनदार होता. तरीही ‘बॉन्ड म्हणजे रद्दी कागद’ हे वाक्य त्यानंतर टेबलावर टिकत नाही. तुमचा खरा आधार दुसरीकडे आहे. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम ७४ नुसार करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. तिच्या आत जी वाजवी भरपाई ठरेल तेवढीच मिळते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०११ मध्ये निकाली काढलेले सिक्पा इंडिया प्रकरण यासाठी वाचण्यासारखे आहे. बॉन्ड दोन लाखांचा आणि तीन वर्षांचा होता, कंपनीचा ट्रेनिंगवरचा खर्च ६७,५९६ रुपये होता आणि कर्मचाऱ्याने दोन वर्षे काम केले होते. कंपनीच्या पदरात पडले ते २२,५३२ रुपये, म्हणजे खर्चाचा उरलेला एक तृतीयांश.

हेच गणित स्वतःच्या आकड्यांवर करून एका पानावर मांडा. उदाहरणासाठी एक मुलगी धरू. तिचा बॉन्ड १,८०,००० रुपयांचा, ट्रेनिंग संपल्यापासून २४ महिन्यांचा. तिने १५ महिने काम केले, ९ उरले. बॉन्डची रक्कमच प्रमाणात कमी केली तर ६७,५०० होतात. पण तिच्यावर झालेला बाहेरचा खर्च म्हणजे परीक्षेची फी ३६,००० आणि प्रशिक्षकाच्या बिलातला तिचा वाटा २४,०००, मिळून ६०,०००. त्याचे उरलेले नऊ महिने २२,५०० रुपये होतात. बोलणी या दोन आकड्यांच्या मध्ये होणार, १,८०,००० वर नव्हे. तिने सुरुवात २२,५०० पासून करावी आणि कुठपर्यंत जायचे तो आकडा, समजा ४०,०००, घरीच लिहून ठेवावा. समोरच्याने दम भरल्यावर ठरवलेली मर्यादा नेहमी चढी निघते.

कंपनी ट्रेनिंगच्या महिन्यांचा पगारही खर्चात धरते. त्या काळात तुम्ही ग्राहकाचे काम केले असेल, तर टाइमशीट किंवा कामाचे ईमेल वापरून तसे दाखवा. ऑफिसातल्याच सीनियरने आठवडाभर शिकवले असेल तर त्याची किंमत कशी काढली, तेही विचारा. बिले मागायला संकोच करू नका. ‘खर्चाचा तपशील आणि बिलांच्या प्रती पाठवा, म्हणजे मी प्रस्ताव देतो’ एवढी एक ओळ पुरते, आणि उत्तर टाळले गेले तर ते टाळणेही तुमच्या बाजूचा पुरावा असतो. मागणीत जीएसटी लावला असेल तर ३ ऑगस्ट २०२२ चे केंद्राचे परिपत्रक १७८ जोडा. मुदतीआधी नोकरी सोडल्याबद्दलच्या बॉन्डच्या रकमेवर जीएसटी लागत नाही, असे त्यात स्पष्ट केले आहे.

कंपनीने काय अडवून धरले आहे तेही मोजा. शेवटचा पगार आणि रजेचे पैसे तिच्याकडेच असतील, तर ‘भरा’ ऐवजी ‘त्यातून वळते करा आणि उरलेले द्या’ असा प्रस्ताव जास्त सहज पचतो. उदाहरणातल्या मुलीचे ५८,००० अडकले आहेत. ३०,००० वर तडजोड झाली तर तिला उलट २८,००० मिळायला हवेत.

नव्या कंपनीशी आधीच बोला. राजीनामा स्वीकारल्याचा ईमेल, शेवटच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या आणि पीएफचे पासबुक एकत्र ठेवा, आणि रिलीव्हिंग लेटरसाठी लेखी मुदतवाढ मागा. माझ्या मते ही सगळ्यांत मोलाची तयारी आहे, कारण जुन्या कंपनीची सगळी ताकद तुमच्या घाईत असते. मुदतवाढ मिळाली की तुम्हाला आठवडाभर गप्प बसता येते.

ईमेलच्या भाषेकडे लक्ष द्या. ‘मी पूर्ण रक्कम देणे लागतो, फक्त सवलत द्या’ असे कधीही लिहू नका. ‘माझे सर्व हक्क राखून, तडजोडीसाठी हा प्रस्ताव देत आहे’ अशी सुरुवात ठेवा. फोनवर जे ठरेल ते त्याच दिवशी ईमेलने कळवा, आणि अंतिम प्रस्ताव अशा माणसाकडे जाऊ द्या ज्याला रक्कम कमी करण्याचा अधिकार आहे. एचआर एक्झिक्युटिव्हला तो बहुधा नसतो.

आता कागद. बरेच लोक रक्कम ठरल्याच्या आनंदात लगेच पैसे पाठवतात आणि मग महिनाभर पत्राची वाट पाहतात. पैसे देण्याआधी तडजोडीचे पत्र सहीनिशी हवे. त्यात रक्कम, ती ‘पूर्ण व अंतिम’ असल्याचे वाक्य, आणि पैसे मिळाल्यापासून किती दिवसांत रिलीव्हिंग लेटर व अनुभवपत्र मिळेल ते असावे. दोन्ही पत्रांचे मसुदे आधी वाचून घ्या. ‘बॉन्ड मोडून गेले’ असा शेरा त्यात शिरलेला असू शकतो. पडताळणी करणारी संस्था विचारेल तेव्हा कंपनी ‘येणे बाकी नाही’ असेच उत्तर देईल, हेही लिहून घ्या, नाहीतर पत्र हातात असूनही पडताळणीत अडकाल. सही केलेले कोरे चेक किंवा मूळ प्रमाणपत्रे ठेवून घेतली असतील, तर चेकचे नंबर घालून ती परत करण्याची अट टाका. असा चेक नंतर बँकेत टाकला गेला आणि वटला नाही, तर प्रकरण वेगळ्याच कोर्टात जाते.

पैसे बँकेतूनच द्या आणि शेऱ्यात तडजोडीच्या पत्राची तारीख लिहा. पीएफसाठी अडून राहू नका. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीने भरली नाही, तर शेवटच्या हप्त्यानंतर दोन महिन्यांनी यूएएन पोर्टलवर Manage मध्ये Mark Exit निवडून ती स्वतः भरता येते. फॉर्म १६ बॉन्डच्या वादात अडकवता येत नाही, म्हणून तो तडजोडीच्या अटींत घालूच नका. वेगळ्या ईमेलने मागा.