दुपारच्या ऑर्डरी आणि सोलापूरचं ऊन : रायडरनं या चुका टाळाव्यात

डिलिव्हरीच्या कामात धोका म्हटलं की अपघात आठवतो. आठवायलाच हवा. पण सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी बारा ते चार फिरणाऱ्या पोराला दुसरा एक धोका रोज भेटतो आणि पुष्कळदा अपघाताची सुरुवातही तिथूनच होते. सात रस्त्याचा सिग्नल सुटला तरी एखादा रायडर क्षणभर तसाच उभा राहतो, मागून हॉर्न वाजतात, मग दचकून तो गाडी पुढे घेतो. लोक म्हणतात, मोबाईलमध्ये घुसला असेल. असेलही. पण त्याच्या अंगातलं दीड-दोन लिटर पाणी कमी झालेलं असण्याची शक्यताही तेवढीच असते.

मी स्वतः तीन उन्हाळे जुळे सोलापूर ते नवी पेठ अशा फेऱ्या मारल्या आहेत. खालच्या बहुतेक चुका मी आधी केल्या, कारणं नंतर समजली.

घाम दिसत नाही, म्हणजे घाम येत नाही

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि ती सोलापूरसारख्या कोरड्या हवेच्या गावातच होते. मुंबईत घामानं शर्ट अंगाला चिकटतो, माणूस आपोआप पाणी मागतो. आपल्याकडे हवा कोरडी, वर गाडीचा वारा. घाम बाहेर येतो न येतो तोच उडून जातो. शर्ट कोरडाच राहतो आणि आपल्याला वाटतं, आज काही विशेष नाही. घरी आल्यावर काळ्या टी-शर्टवर मिठाचे पांढरे पट्टे दिसतात, तो घामाचा हिशेब असतो.

वाऱ्याचीही एक फसवणूक आहे. आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंश असतं. हवा त्याहून थंड असेल तर वारा अंगातली उष्णता नेतो. हवा ४२ अंश असेल तर तोच वारा अंगात उष्णता भरतो. मग थंड ठेवणारी गोष्ट एकच उरते, घाम उडणं. त्यासाठी पाणी पोटातून यायला हवं.

तहान लागली की पिऊ

एका दिवसाचा हिशेब मांडू. ६० किलो वजनाचा पोरगा सकाळी अकराला चहा-चपाती खाऊन लॉगिन करतो. विजापूर रोड, होटगी रोड, आसरा चौक, पुन्हा पार्क चौक. अकरा ते तीन, चार तास. उन्हात असं काम करताना ताशी पाऊण लिटर घाम जाणं अगदी साधी गोष्ट आहे, काहींचा लिटरभरही जातो. पाऊण लिटरनंच धरलं तरी चार तासांत तीन लिटर गेलं. या वेळात त्यानं अर्ध्या लिटरची एक बाटली, एक कोल्ड्रिंक आणि हॉटेलात ऑर्डरची वाट पाहताना एक ग्लास पाणी घेतलं. सगळं मिळून लिटरभर. तूट दोन लिटरची, म्हणजे वजनाच्या तीन टक्क्यांहून जास्त. दोन टक्क्यांच्या पुढे लक्ष विचलित व्हायला लागतं, निर्णय उशिरा होतात. ब्रेक अर्ध्या सेकंदानं उशिरा लागला तर ताशी ४० किलोमीटरच्या वेगात गाडी साडेपाच मीटर पुढे जाते. चौकात तेवढ्यात पुढची रिक्षा येते.

हा हिशेब स्वतःवर तपासता येतो. कामाला निघण्याआधी आणि आल्यावर लगेच, तेवढ्याच कपड्यांत वजन करा. मधे प्यायलेलं पाणी ध्यानात ठेवा. एक किलो कमी भरलं म्हणजे एक लिटरची तूट. दोन-तीन दिवस केलं की आपला घामाचा दर कळतो. वजनकाटा नसेल तर लघवीचा रंग बघा. फिकट पिवळा ठीक. चहासारखा गडद झाला तर तूट मोठी आहे.

तहान उशिरा लागते, म्हणून घड्याळावर प्या. दर १५-२० मिनिटांनी एक ग्लास, साधारण पाव लिटर. ॲपवर नवी ऑर्डर वाजली की आधी दोन-चार घोट, मग स्वीकारणं, अशी सवय मला लागली आणि टिकली. मात्र एका तासात दीड लिटरपेक्षा जास्त साधं पाणी ढोसू नका. त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं आणि डोकं दुखणं, मळमळ सुरू होते. मग उन्हानं झालं की पाण्यानं, हेही कळत नाही.

मीठ बाहेरून घ्यायला लांबचं काही लागत नाही. मीठ घातलेलं ताक, भाकरीबरोबर शेंगाचटणी, याने बऱ्यापैकी भागतं. खूप वेळ उन्हात राहणार असाल तर ओआरएस. इथे चूक होते ती मापात. एक लिटरच्या पाकिटाला एक लिटरच पाणी हवं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत अख्खं पाकीट ओतलं तर ते फार तीव्र होतं. घरी करायचं तर एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. आणि दुकानात ओआरएससारखी दिसणारी गोड पेयं मिळतात, त्यांच्या नावात पूर्वी 'ओआरएस' असायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नसलेल्या पेयांवर तो शब्द छापायला अन्नसुरक्षा प्राधिकरणानं ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. त्यात साखर जास्त असते. घेताना पाकिटावरचं सूत्र बघा. मधुमेह, रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

उष्णतेची लाट जाहीर झाली नाही, म्हणजे चालतं

मैदानी भागासाठी हवामान खात्याच्या नियमाप्रमाणे लाट म्हणायला कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंश जास्त, किंवा सरळ ४५ अंश लागतं. सोलापुरात मे महिन्यात सरासरीच ४० च्या आसपास असते. म्हणजे ४२-४३ अंशांचा दिवस आपल्याकडे रोजचाच, लाटेत मोजला जात नाही. शरीराला मात्र हा फरक कळत नाही. शिवाय ते तापमान सावलीत, हवेशीर पेटीत मोजलेलं असतं. अशोक चौकात तापलेल्या डांबरावर, रिक्षाच्या सायलेन्सरच्या शेजारी उभं राहणारा त्याहून जास्त सोसतो. म्हणून लाटेची सूचना आली नाही तरी बारा ते चारचं वेळापत्रक मीच ठरवतो, सूचना नाही.

पहिल्याच आठवड्यात पूर्ण शिफ्ट

उन्हानं होणारे गंभीर त्रास नव्या माणसाला पहिल्या काही दिवसांतच जास्त होतात. शरीर उन्हाला सरावायला एक ते दोन आठवडे घेतं. त्या काळात घाम लवकर सुटायला लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयावरचा ताण उतरतो. परीक्षा संपली की मे महिन्यात कामाला लागणारे विद्यार्थी नेमके याच जाळ्यात सापडतात. मार्चपासून फिरणाऱ्यानं हळूहळू सराव केलेला असतो. याचा सरावाचा पहिला दिवसच ४२ अंशांचा.

उन्हातल्या कामासाठी जगभर वापरतात तो नियम सोपा आहे. नव्या माणसानं पहिल्या दिवशी एकूण वेळेच्या वीस टक्के, मग रोज वीस टक्के वाढ. दुपारचे पाच तास धरले तर पहिल्या दिवशी एक तास, दुसऱ्या दिवशी दोन, पाचव्या दिवशी पाच. पूर्वी काम केलेला माणूस आजारपणानंतर किंवा मोठ्या सुट्टीनंतर परतला तर ५०, ६०, ८० आणि चौथ्या दिवशी १०० टक्के. ताप येऊन गेलेल्या माणसाला हे आणखीच लागू. उरलेले तास संध्याकाळी भरून काढता येतात. जेवणाच्या ऑर्डरी रात्री कमी नसतात.

हेल्मेट हातात अडकवून

दुपारी पुष्कळ पोरं हे करतात आणि मला राग येत नाही, कारण आत खरंच भट्टी असते. पण आत पातळ सुती टोपी पाण्यात भिजवून घातली, तर ती सुकेपर्यंत डोकं बरं राहतं. पांढरं किंवा फिकट रंगाचं, हवेची छिद्रं असलेलं हेल्मेट घ्या. सोलापूरचा टॉवेल पाणी चांगलं धरतो, ओला करून मानेवर टाका, टोकं आत खोचा, चाकात जाऊ देऊ नका. आणि फोन. उन्हात माउंटवर तापला की स्क्रीन मंद होते किंवा बंद पडते, मग तो हातात घेऊन गाडी चालते. पत्ता सावलीत थांबूनच बघा.

गरगरलं तर 'ही शेवटची ऑर्डर'

पायात गोळे, डोकेदुखी, मळमळ, चक्कर यायला लागली की काम तिथेच थांबवा. सावली, पाणी, ओला कपडा, अर्धा तास. तेवढ्यात बरं वाटलं नाही तर दवाखाना.

माणूस बरळायला लागला, नाव-गाव चुकवायला लागला, अडखळून पडला किंवा आकडी आली, तर तो उष्माघात समजा. इथे एक गैरसमज घातक ठरतो. घाम थांबला तरच उष्माघात, असं नाही. कष्टाच्या कामातल्या उष्माघातात अंग घामानं ओलंही असतं. १०८ ला फोन लावा आणि गाडी येईपर्यंत वाट पाहत बसू नका. सावलीत आणा, शर्ट-बूट काढा, अंगावर पाणी ओता, सतत वारा घाला. बर्फ मिळाला तर मान, काखा, जांघा. शुद्ध नीट नसेल तर तोंडात पाणी घालू नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जातं. तापाची गोळी इथे काम करत नाही. तो गाडीवरून आपटला असेल तर मान न वळवता हलवा.

आणि कंपनीनं

आपण घड्याळावर पाणी प्यायचं ठरवलं, पण ॲप बाराच्या ऑर्डरीला संध्याकाळच्याच मिनिटांत पोचायला लावत असेल, तर घोट घ्यायलाही थांबणं म्हणजे रेटिंगचं नुकसान. म्हणून काही गोष्टी ॲपमध्येच करायला हव्यात. बारा ते चारमध्ये ऑर्डरचं अंतर छोटं ठेवणं आणि प्रत्येक ऑर्डरला पाच-सात मिनिटं वाढवून देणं. या वेळात लॉगआउट झालं तर इन्सेंटिव्ह कापला जाऊ नये. नव्या आयडीला मे महिन्यात पहिल्या पाच दिवसांचा स्लॉट आपोआप छोटा असावा. ही शेवटची सूचना सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत उपयोगी आहे, पण ती मी कुठल्या रायडर ॲपवर पाहिलेली नाही. २ जून २०२४ रोजी झोमॅटोनं ग्राहकांना दुपारच्या कडक उन्हात गरज नसेल तर ऑर्डर टाळा असं सांगितलं होतं, तेव्हा त्यावर बराच वाद झाला. माझं मत असं की ग्राहकाला विनंती करण्यापेक्षा ॲपच्या वेळेत सात मिनिटं वाढवणं सोपं.

कायद्याचा आधार इथे अर्धवट आहे. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि त्यात गिग कामगाराची ओळख आली. ॲप कंपन्यांकडून उलाढालीच्या एक ते दोन टक्के निधी घेण्याची तरतूद आहे, कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या मर्यादेत. तो निधी विमा, आरोग्य यांसाठी. दुपारी किती फिरवायचं, यावर मात्र तिथे काही नाही.

म्हणून ॲपमधल्या विम्याचा कागद एकदा उघडा. विमा बहुधा 'अपघात' या शब्दावर बांधलेला असतो. उष्माघात त्यात बसतो का आणि ऑर्डर चालू असतानाच की लॉगिन असतानाही, हे सपोर्टला लेखी विचारा आणि उत्तराचा स्क्रीनशॉट घरच्या एखाद्याच्या फोनवर पाठवून ठेवा. उद्या आपण विचारायच्या अवस्थेत नसलो तर तो त्यांच्याच कामाला येईल.