दिवाळीच्या माहेश्वरी साड्यांचे टीझर
इंदूरच्या आमच्या दुकानाच्या ‘लवकरच येत आहे’ पोस्टला लाइक यायचे, पण ती सेव्ह कुणी करत नसे. फोटोत नुसतं बंद खोकं! मग दर पोस्टला एकच खरी गोष्ट उघडली. आधी फक्त काठ, सुलट आणि उलट. माहेश्वरीच्या बुगडी, म्हणजे उलटसुलट वापरता येणाऱ्या काठामुळे साडी दोन्ही बाजूंनी नेसता येते, म्हणून बायका थांबून बघतात. नंतर पदराचे पाच पट्टे आणि रंग, तेही दिवसाच्या उजेडात. पिवळ्या दिव्याखाली मोरपंखी भलताच दिसतो आणि साडी परत येते. शेवटी किंमत, नग आणि विक्रीची वेळ, सोबत स्टोरीवर काउंटडाउन स्टिकर. कुणी आधीच भाव विचारला तर मेसेजमध्ये सांगून टाकते, लपवला की गिऱ्हाईक चिडतं. त्या स्टिकरवर रिमाइंडर किती जणांनी लावले, यावरून मागणी कळते, लाइकवरून नाही.