बेळगावात नवीन आलात? डॉक्टरला नुसतं "पोटात दुखतंय" सांगू नका

मी साताऱ्याकडचा, २००६ साली उद्यमबागेत नोकरी लागली म्हणून बेळगावात आलो आणि इथलाच झालो. गॅस कुणाकडे, भाडं किती, खानापूरची बस कुठून हे सगळं कुणीतरी सांगेलच तुम्हाला. मी सांगतोय ते रात्री दोन वाजता लागतं, म्हणजे घरातलं कुणी पोट धरून बसलंय आणि समोरच्या डॉक्टरला मराठी येत नाही.

आता बेळगावात मराठी येणारे डॉक्टर भरपूर आहेत, शहापूर टिळकवाडीतला फॅमिली डॉक्टर तर तुमच्यापेक्षा चांगलं मराठी बोलेल. पण मोठ्या दवाखान्याच्या कॅज्युअल्टीत रात्री जो पोरगा ड्युटीवर असतो तो बिदरचा असेल, केरळचा असेल, दिल्लीचाही असेल. तिथं आपण काय करतो तर आपलं सगळं दुखणं एका हिंदी वाक्यात कोंबतो, "पेट में दर्द है", आणि संपलं. मराठीत आपण कळ, ठणका, मुरडा, चमक, आग असं वेगवेगळं बोलतो आणि त्या प्रत्येक शब्दामागे शरीरात वेगळं काहीतरी चाललेलं असतं, ते सगळं त्या "दर्द"मध्ये गायब होतं. माझ्याकडून हेच झालं.

आधी माझा मुतखडा सांगतो, कारण पुढची चूक त्याच्यामुळेच झाली. एका उन्हाळ्यात पहाटे उजव्या कुशीत, पाठीकडून, बरगडीच्या खाली अशी कळ आली की मी अंथरुणात राहूच शकलो नाही. उठलो, बसलो, जमिनीवर लोळलो, भिंतीला पाठ लावून बघितलं, कशानेच बरं वाटेना. वीसेक मिनिटांनी जरा उतरायची, मागे नुसती रग राहायची, परत चढायची. आणि ती एका जागी थांबत नव्हती, कुशीतून पुढे ओटीपोटात आणि तिथून खाली जांघेत उतरत होती. उलटी पण झाली. नंतर डॉक्टरांनी समजावलं की खडा मूत्रनळीत अडकला की मागे लघवी तुंबते, किडनी ताणली जाते आणि नळी त्याला पुढे ढकलायला आवळत राहते. पोकळ नळी आवळली की जे दुखतं ती खरी कळ. ती लाटांसारखी येते आणि माणूस तळमळतो, कारण कुठल्याही कुशीवर वळलं तरी नळीचं आवळणं थांबत नाही. साडेचार एमएमचा खडा होता, अकरा दिवसांनी आपोआप पडला, तोही सांगण्यासारखा सोहळा होता पण तो परत कधीतरी.

तर माझ्या डोक्यात बसलं की पोटाचं सिरीयस दुखणं म्हणजे लोळणं.

दोन वर्षांनी भाचा इंजिनिअरिंगला आला, आमच्याकडेच राहायचा, १९ वर्षांचा. एका संध्याकाळी सात-आठच्या सुमारास म्हणाला मामा, बेंबीपाशी कसंतरी होतंय, जेवायला नको. आमची ही म्हणाली बाहेरचं खाल्लं असेल, ओवा दिला. अकराला एक उलटी झाली. मग तो गप्प पडून राहिला, गुडघे जरा वर घेऊन, अजिबात हालचाल नाही. मी एकदा डोकावलो आणि मनात म्हटलं शांत पडलाय म्हणजे एवढं काही नाही, आपल्या मुतखड्याला आपण कसले लोळलो होतो. तरी खात्रीसाठी बाराला एका दवाखान्यात नेलं, तिथं मीच पुढे होऊन सांगितलं, पेट में दर्द है, बाहर का खाया था, गॅस होगा. निदान पण मीच करून टाकलं बघा! त्यांनी अॅसिडिटीचं इंजेक्शन दिलं आणि वाढलं तर परत या म्हणून घरी पाठवलं. त्यांना दोष देत नाही, मी सांगितलं तेच त्यांनी ऐकलं.

पहाटे तीनला त्याने मला उठवलं, आता बेंबीपाशी नाही म्हणाला, खाली उजवीकडे दुखतंय. बाथरूमला गेला तो वाकून, उजव्या बाजूला हात धरून. सहाला स्कूटरवर मागे बसवून निघालो तर तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंत जेवढे स्पीड ब्रेकर आणि खड्डे लागले तेवढ्या वेळा तो माझा खांदा आवळत होता. (त्या रस्त्याबद्दल वेगळं लिहायला हवं.)

दुसऱ्या ठिकाणी एक मॅडम होत्या, त्यांनी मला बाजूला बसवलं आणि त्यालाच विचारलं. पहिल्यांदा कुठं दुखलं, आता कुठं, नेमकं एका बोटाने दाखव. त्याने बोट ठेवलं ते बेंबी आणि उजव्या कमरेच्या हाडाचं टोक यांच्यामध्ये रेघ ओढली तर हाडाच्या बाजूने साधारण एक तृतीयांशावर. मग विचारलं येताना गाडी उडाली तेव्हा दुखलं का. तो म्हणाला जीव गेला. मग हळूच दाबून पटकन हात काढला तेव्हा तो कळवळला. रक्त, सोनोग्राफी आणि त्याच दिवशी दुपारी दुर्बिणीने अपेंडिक्सचं ऑपरेशन. फुटलं नव्हतं.

मॅडमनी नंतर सांगितलं ते मला आयुष्यभर पुरेल. अपेंडिक्स सुजायला लागतं तेव्हा आतल्या अवयवाच्या नसा मेंदूला नीट पत्ता देत नाहीत, बेंबीच्या कातडीच्या नसा मणक्यात जिथं शिरतात त्याच पातळीवर या पण शिरतात, म्हणून मेंदूला वाटतं बेंबीपाशी काहीतरी होतंय, मोघम, बोट ठेवता येत नाही असं. काही तासांनी सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागते. त्या अस्तराच्या नसांना मात्र पत्ता पक्का माहीत असतो, म्हणून दुखणं जागेवर येतं आणि धक्का बसला, खोकला आला, हललं की ते अस्तर ओढलं जातं. म्हणून असा पेशंट लोळत नाही, निपचित पडतो. म्हणजे मी ज्याला "काही नाही" समजलो तीच खूण होती. आणि एक, अशा पोटात दुखणं एकदम थांबलं तर देव पावला म्हणू नका, कधीकधी फुटल्यावर पण थोडा वेळ बरं वाटतं.

सगळ्यांचं असं पुस्तकासारखं होत नाही हे पण सांगतो. लहान पोरं, म्हातारी माणसं, गरोदर बाई यांच्यात जागा आणि क्रम बदलतो. बायकांनी खालच्या पोटाच्या दुखण्यात शेवटची पाळी कधी आली ती तारीख न विचारता सांगावी, तिथं बीजकोषाला पीळ पडणं किंवा नळीत गर्भ राहणं अशा वेगळ्या आणि तातडीच्या गोष्टी असू शकतात. आणि मुतखड्याच्या कळेबरोबर थंडी वाजून ताप आला तर सकाळची वाट बघू नका.

मग सांगायचं कसं? मी आता निघायच्या आधी एका कागदावर घड्याळाप्रमाणे लिहितो. सात वाजता बेंबीपाशी मोघम, अकराला उलटी, तीनला उजवीकडे खाली, हललं की वाढतं, अमुक गोळी इतक्या वाजता घेतली. दुखणं आधी की उलटी आधी हे पण लिहितो, डॉक्टर ते हमखास विचारतात. "दहापैकी किती" विचारलं तर आपण एकतर दहा सांगतो नाहीतर मर्दानगी म्हणून तीन, त्यापेक्षा काय करता येत नाही ते सांगा, सरळ उभं राहता येत नाही, झोप मोडली. आणि गॅस, पित्त, उसण हे शब्द वापरू नका, ती दुखण्याची नावं नाहीत, आपण काढलेली कारणं आहेत.

शब्दांचं म्हणाल तर रोनाल्ड मेलझॅक नावाच्या माणसाने १९७५ साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात दुखण्याचे ७८ शब्द २० गटांत लावून पेशंटसाठी प्रश्नावलीच केली होती. आपल्याला एवढे नकोत, पण आपले चार-पाच नीट वापरले तरी खूप. ठणका म्हणजे नाडीबरोबर ठुसठुसणं, दाढ किंवा गळू असतं तसं, आत सूज किंवा पू कोंडलाय. मुरडा आला आणि संडासला जाऊन आल्यावर थोडं बरं वाटलं तर तेही सांगा, ते आतड्याचं. चमक किंवा करंट मारल्यासारखं कमरेतून पायात जातं, सोबत मुंग्या, तर ते नसेचं. लघवीला आग होते हे लाजून "खाली त्रास आहे" असं सांगू नका, सरळ आग म्हणा. रात्री पोटरीत गोळा येतो तो पेटका, तो स्नायूचा.

आणि छातीचं एक. हार्टचे बरेच पेशंट "दुखत नाही" असं खरंच सांगतात, कारण त्यांना दुखत नसतंच, ओझं ठेवल्यासारखं, आवळल्यासारखं वाटत असतं. आमच्या गल्लीतले एक काका "दुखत नाही हो, नुसतं भरून आलंय" म्हणत घामाने भिजले होते. दुखत नसलं तरी दाब आहे, घाम आहे, डाव्या हातात किंवा जबड्यात जातंय असं सांगायचं, आणि १०८ लावायचा, स्कूटर नाही.

आता थोडं कन्नड. पुस्तकात नोवु असतं पण इकडे नर्स, वॉर्डबॉय ब्यानि म्हणतात, होट्टी ब्यानि म्हणजे पोटदुखी. घाबरू नका, ते बेने, आपल्या वेणा आणि वेदना एकाच घरातले. एल्लि म्हणजे कुठं, यावागिंद म्हणजे कधीपासून, एड डावं, बल उजवं. कळ सांगायची तर "हिंडिदंग आगतैति", पिळल्यासारखं होतंय. राहून राहून येत असेल तर "बिट्टु बिट्टु बरतैति". टोचत असेल तर "चुच्चिदंग आगतैति". आग होत असेल तर "उरितैति". उच्चार चुकले तरी हसतील आणि समजून घेतील. तास तर तेही तासच म्हणतात, तेवढं फुकट मिळालं.

भाचा आता पुण्यात असतो. परवा फोन केला, मामा पोटात दुखतंय म्हणाला, मी पहिलं विचारलं, एका बोटाने दाखवता येतंय का? म्हणाला नाही, सगळीकडे मुरडा येतोय, चारदा जाऊन आलो, काल मिसळ खाल्ली होती. मग ओआरएस पी म्हटलं आणि ताप आला किंवा रक्त दिसलं तर दवाखान्यात जा, मला फोन करत बसू नको.